‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करू?

सोमवार सकाळ, साडेनऊ. कॉफीचा मग हातात, इनबॉक्समध्ये ६३ न वाचलेले मेल. त्यातला एक उघडता. डियर ऑल, होप धिस मेल फाइंड्स यू वेल, अ‍ॅज डिस्कस्ड, पीएफए, काइंडली डू द नीडफुल. वाचून झाला. इंग्रजी बरं आहे, स्पेलिंग मिस्टेक नाही, माणूसही सभ्य वाटतो. पण आता तुम्ही करायचं काय? कळलं नाही. मग तुम्ही काय करता? तेच, जे सगळे करतात. मेल बंद करता आणि पुढचा उघडता.

गंमत म्हणजे हाच मेल पाठवणारा तिकडे खूश असतो. त्याच्या दृष्टीने काम झालं, चेंडू तुमच्या कोर्टात. दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये त्याचं ठरलेलं वाक्य येतं, ‘मी मेल टाकला होता ना!’ आणि त्यानंतर जे होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

मेल चांगला की वाईट, हे आपण बहुतेक वेळा एका फीलिंगवर ठरवतो. ‘छान लिहिलाय’ किंवा ‘काहीतरी गडबड वाटतेय’. पण ते मोजताही येतं. स्पष्टता, टोन, पूर्णता आणि ‘कोणी काय करायचं’ हे किती स्वच्छ सांगितलंय, अशा चार गोष्टींना वेगवेगळे मार्क द्यायचे. कस्टमर सपोर्टच्या क्वालिटी टीम्स रोज साधारण हेच करतात. आपल्यालाही जमेल. फक्त त्यात दोन-तीन खाचा आहेत आणि सगळी मजा त्यातच आहे.

मार्क चारपैकीच का?

प्रत्येक गोष्टीला एक ते चार मार्क. पाचपैकी का नाही? कारण पाचात ‘तीन’ असतो आणि तीन म्हणजे ‘मला ठरवता येत नाहीये’चं सभ्य रूप. चारमध्ये मधली खुर्चीच नाही. मेल एकतर चालण्याच्या बाजूला (३ किंवा ४), नाहीतर न चालण्याच्या बाजूला (१ किंवा २). ठरवावंच लागतं.

आणि मार्क मनाने द्यायचे नाहीत, मोजून द्यायचे. चारही गोष्टींसाठी मोजण्याची एकेक साधी वस्तू आहे.

कृती. मेलमध्ये तीन उत्तरं शोधा. कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत करायचं. तिन्ही आहेत आणि पहिल्या तीन-चार ओळींत आहेत, तर ४. तिन्ही आहेत पण शोधावी लागली, तर ३. एक गायब, तर २. दोन किंवा तिन्ही गायब, तर १.

पूर्णता. ते काम करायला बसण्याआधी वाचणाऱ्याला पाठवणाऱ्याकडे किती प्रश्न विचारावे लागतील? एकही नाही, तर ४. एक, तर ३. दोन, तर २. तीन किंवा जास्त, तर १. मेलची लांबी बघायची नाही, प्रश्न मोजायचे.

स्पष्टता. एकदाच वाचायचं. जिथे थांबून मागे जावं लागलं किंवा ‘ते’ म्हणजे कोण असा प्रश्न पडला, ती जागा पेन्सिलने खुणेची. एकही खूण नाही तर ४, आणि प्रत्येक खुणेला एक मार्क कमी.

टोन. वाचणारा आधीच वैतागलेला आहे असं समजून वाचायचं. हुकूम, टोमणा, गरजेपेक्षा जास्त लोटांगण किंवा गंभीर गोष्ट मिळमिळीत करून सांगणं, यातली जी वाक्यं सापडतील ती मोजायची. इथेही प्रत्येक वाक्याला एक मार्क कमी.

क्रमही हाच ठेवायचा. कृती आधी, टोन सगळ्यात शेवटी. का, ते एका मेलवर बघू.

केस : रात्रीची कॅब

समजा, हिंजवडीतली एक कंपनी. रात्री एक वाजता शिफ्ट सुटते आणि त्यातल्या ३४ मुलींना कंपनीची कॅब घरी सोडते. कॅबवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. अ‍ॅडमिनमधला एक ज्युनिअर अ‍ॅडमिन मॅनेजर, फायनान्स हेड आणि एचआर, अशा तिघांना मेल टाकतो. मूळ मेल अर्थातच इंग्रजीत, आपण मराठीत वाचू :

> विषय : कॅबबाबत
>
> डियर ऑल,
>
> आशा आहे की आपण सगळे मजेत असाल. मागच्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे कॅब व्हेंडरशी बोलणी केली. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं असून त्यांनी रेट वाढवून मागितला आहे. त्यांच्यासोबत दोन मीटिंग्ज झाल्या. डिझेलचा खर्च वाढल्याचं त्यांचं म्हणणं आहे. आणखी दोन व्हेंडर्सची कोटेशन्स मागवली असून ती सोबत जोडली आहेत. सध्याची सर्व्हिस एकंदरीत ठीक आहे. यावर लवकरात लवकर निर्णय झाल्यास बरं होईल, अन्यथा नाइट शिफ्टला थोडी अडचण होऊ शकते. कृपया लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी.
>
> आपला विश्वासू

वाचून काय वाटलं? बरा वाटला ना? पोरगा नम्र आहे, मेहनत घेतलीय, कोटेशन्सही आणलीत. आता मोजू.

कृती. कोणी करायचं? ‘डियर ऑल’. तिघांपैकी प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटेल की हे दुसऱ्याचं काम आहे. फायनान्स हेड म्हणेल, व्हेंडर अ‍ॅडमिनचा, ते ठरवतील. अ‍ॅडमिन मॅनेजर म्हणेल, पैशाचा मामला, फायनान्सने बोलावं. एचआर म्हणेल, मला माहितीसाठी टाकलाय. काय करायचं? ‘निर्णय’. पण कसला? वाढीव रेट मान्य करायचा, घासाघीस करायची की व्हेंडर बदलायचा? कधीपर्यंत? ‘लवकरात लवकर’. कॅलेंडरमध्ये अशी तारीख नसते. तिन्ही गायब. मार्क १.

पूर्णता. आता फायनान्स हेडच्या खुर्चीत बसा. रेट किती होता, किती मागतोय? महिन्याला किती जास्त जाणार? कॉन्ट्रॅक्ट नेमकं कधी संपतंय? दुसरे दोघं काय म्हणतात? आणि बाबा, तुझं स्वतःचं मत काय? पाच प्रश्न. तीनच्या वर गेले की १, त्यामुळे मार्क १. काहींची उत्तरं अटॅचमेंटमध्ये असतील, कबूल. पण निर्णयाला लागणारा आकडा अटॅचमेंट उघडल्याशिवाय दिसत नसेल, तर तो मेलमध्ये नाही असंच धरायचं. साहेब मोबाइलवर मेल वाचतायत, लिफ्टमध्ये आहेत. ते तीन पीडीएफ उघडणार नाहीत.

स्पष्टता. वाक्यं सोपी आहेत. ‘थोडी अडचण’ इथे मात्र थांबायला होतं. अडचण म्हणजे काय, कॅब दहा मिनिटं उशिरा येणार की येणारच नाही? एक खूण. मार्क ३.

टोन. सभ्य आहे, वाद नाही. पण १ एप्रिलच्या रात्री ३४ मुली गेटपाशी उभ्या राहू शकतात, या गोष्टीला ‘थोडी अडचण’ म्हणणं हीसुद्धा टोनचीच चूक. बॉसला घाबरवायला नको म्हणून धोक्याचा आवाज इतका खाली आणलाय की तो ऐकूच येत नाही. मार्क ३.

बेरीज, १६ पैकी ८.

गोड मेलची गोची

हाच मेल ऑफिसात कुणालाही न मोजता रेट करायला द्या. साधारण असं होईल. टोन ४, एकदम पोलाइट. स्पष्टता ३. पूर्णता? कोटेशन्स जोडलीत की, ३. कृती? निर्णय मागितलाय ना, २. बेरीज १२. म्हणजे फर्स्ट क्लास! मेल तोच, फरक चार मार्कांचा.

याला मानसशास्त्रात नाव आहे, हेलो इफेक्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ते मांडलं. लष्करातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गोष्टींसाठी मार्क देत. थॉर्नडाइकना दिसलं, की हे मार्क एकमेकांना जरा जास्तच चिकटून चालतात. माणूस एका बाबतीत आवडला की बाकीच्या रकान्यांतही त्याचे मार्क वर सरकतात.

मेलमध्ये हे चिकटवण्याचं काम टोन करतो. कारण टोन सगळ्यात आधी जाणवतो. ‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल’ वाचलं की आपण मऊ पडतो आणि पुढचे खड्डे माफ करतो. उलटही होतं. उद्धट मेलमध्ये तारीख, आकडा, नाव सगळं असलं, तरी रागाच्या भरात आपण त्याला सगळीकडेच कमी देतो. म्हणून टोन शेवटी. आधी डोकं थंड ठेवून कोण-काय-कधी शोधायचं, मग प्रश्न मोजायचे, मग खुणा करायच्या आणि सगळ्यात शेवटी विचारायचं, की वाचून कसं वाटलं.

दुसरी खाच बेरजेची. १६ पैकी १२ ऐकायला बरं वाटतं, पण मेल ही परीक्षा नाही, साखळी आहे. चार कड्यांपैकी एक तुटली की बाकी तीन कितीही मजबूत असून उपयोग नाही. स्पष्टता ४, टोन ४, पूर्णता ४ आणि कृती १ असा मेल १३ मार्क मिळवतो आणि तरीही काम होत नाही. म्हणून बेरजेखाली रेघ मारण्याऐवजी सगळ्यात कमी मार्कावर गोल करायचा. मेलची खरी किंमत ती. आपल्या कॅबच्या मेलची किंमत ८ नाही, १ आहे.

‘योग्य ती कार्यवाही’ आली कुठून?

‘डू द नीडफुल’ला आपण हसतो, पण त्याचा मराठी भाऊ आपल्या घरचाच आहे. शाळेत अर्ज लिहायला शिकलो तेव्हापासून. महोदय, वरील विषयास अनुसरून, आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’. सरकारी कागदावर हे चालून जातं, कारण तिथे अर्ज कुठल्या टेबलवर जाणार आणि त्याचं काय होणार, याची चाकोरी आधीच ठरलेली असते. ‘योग्य ती’ म्हणजे काय, ते समोरच्या क्लार्कला माहीत असतं. आपल्या ऑफिसात अशी चाकोरी नसते. ‘योग्य ती’ ठरवणं हेच तर मुख्य काम आणि तेच आपण समोरच्यावर ढकलून मोकळे होतो.

सीमेपलीकडे मेल गेला की आणखी धमाल. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणजे आपल्याकडे ‘उत्तर द्या’. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसाच्या डोक्यात ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत तर केलेला बदल मागे घेणं. नवीन कोड टाकल्यावर ‘काइंडली रिव्हर्ट’ असा मेल क्लायंटला गेला, तर तो कोड मागे घेऊ शकतो आणि वर म्हणेल, तुम्हीच सांगितलंत!

तसंच ‘ईओडी’. कुणाचा दिवस? शिकागोच्या माणसाचा शुक्रवार संध्याकाळचा सहाचा ठोका म्हणजे पुण्यात शनिवारची पहाट, त्यांच्या हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. तुम्ही ‘फ्रायडे ईओडी’ वाचून शुक्रवारी रात्री दहापर्यंत जीव काढता आणि तो तिकडे निवांत ब्रेकफास्ट करत असतो. दोन देशांमधल्या मेलमध्ये वेळेसोबत कुठली वेळ ते लिहिलं नसेल, तर ‘कधीपर्यंत’ गायब धरायचं.

तोच मेल, पुन्हा एकदा

आता कॅबचा मेल दुरुस्त करू. लिहिणारा तोच, माहितीही त्याच्याकडे होतीच. फक्त ती कागदावर नव्हती.

> विषय : मंजुरी हवी, २५ मार्चपर्यंत – रात्रीच्या कॅबचं कॉन्ट्रॅक्ट
>
> (फक्त फायनान्स हेडना, अ‍ॅडमिन मॅनेजर आणि एचआर सीसीमध्ये)
>
> सर,
>
> रात्रीच्या कॅबचं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतंय. सध्याच्याच व्हेंडरला एक वर्षासाठी किलोमीटरला २० रुपये दराने मुदतवाढ द्यायला तुमची मंजुरी हवी आहे. मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी ५ पर्यंत मिळाली तर पुढची कामं वेळेत होतील. या मेलला ‘मंजूर’ एवढं उत्तर पुरेसं आहे.
>
> सध्याचा दर १८ रुपये आहे. आपल्या १२ गाड्या महिन्याला साधारण २४,००० किलोमीटर धावतात, म्हणजे खर्च महिन्याला सुमारे ४८,००० रुपयांनी वाढेल.
>
> दुसऱ्या दोघांपैकी एकाचा दर २१ रुपये आहे. दुसऱ्याचा १९ आहे, पण त्याच्याकडे ७ गाड्याच आहेत. म्हणून माझी शिफारस सध्याच्या व्हेंडरची.
>
> २५ तारीख अशासाठी, की पीओ निघायला तीन वर्किंग डेज लागतात. पीओ वेळेत नसेल तर १ एप्रिलच्या रात्री गाड्या येणार नाहीत आणि एक वाजता सुटणाऱ्या ३४ जणींना घरी सोडायची दुसरी सोय आपल्याकडे नाही.
>
> कोटेशन्स जोडली आहेत. निर्णयासाठी ती उघडायची गरज नाही.
>
> अ‍ॅडमिन मॅनेजर, एचआर : तुमच्या माहितीसाठी. तुम्हाला काही करायचं नाही.

कृती ४. कोणी, काय, कधी, तिन्ही पहिल्याच पॅरात, आणि विषयातसुद्धा. पूर्णता ४, आधीच्या पाचही प्रश्नांना उत्तर आहे. स्पष्टता ४, ‘थोडी अडचण’ जाऊन तिथे गाड्या आणि माणसं आली. मेल आधीपेक्षा लांब झाला, हे खरं. पण फायनान्स हेडने पहिला पॅरा वाचून उत्तर दिलं तरी काम होतं. बाकीचं त्याला शंका आली तरच.

आणि शेवटची ओळ बघा. सीसीमधल्या लोकांना ‘तुम्हाला काही करायचं नाही’ असं सांगणं हीसुद्धा कृतीच. एफवायआय मेलला ‘कृती’चे मार्क कसे द्यायचे, हा प्रश्न नेहमी पडतो. उत्तर हेच. काही करायचं नसेल आणि ते स्वच्छ सांगितलं असेल, तर ४.

राहिला टोन. इथे दोघांना मार्क द्यायला सांगितले तर जुंपू शकते. एक म्हणेल ४, कामापुरतं आणि सरळ बोललाय. दुसरा म्हणेल २. ‘मंजूर एवढं उत्तर पुरेसं आहे’ आणि ‘उघडायची गरज नाही’, ही दोन वाक्यं ज्युनिअरने साहेबांना शिकवल्यासारखी वाटतात!

अशा वेळी सरासरी काढून ३ लिहायचे नाहीत. दोन मार्कांचा फरक म्हणजे वाचणारे दोन वेगळे मेल वाचतायत. एकच प्रश्न विचारायचा, कुठल्या वाक्यामुळे? वाक्यं सापडली की इलाजही सापडतो. ‘मंजूर’चं वाक्य साहेबांचा वेळ वाचवतं, ते ठेवावं. दुसरं सहज बदलता येतं : ‘सविस्तर पाहायची असल्यास कोटेशन्स जोडली आहेत.’ माहिती तीच, शिकवणी गेली.

टोनवर एकमत सगळ्यात कमी होतं, याला कारण आहे. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहून किंवा बोलून पाठवायची आणि समोरच्याने ओळखायचं, असा प्रयोग. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, की साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल, मग मेल असो की आवाज. आवाजात ते बऱ्यापैकी खरं ठरलं. मेलमध्ये मात्र ५६ टक्के. नाणं उडवून अंदाज केला असता तर ५० टक्के आलेच असते! लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, पण तो मेलबरोबर जात नाही.

म्हणूनच स्वतःच्या मेलला स्वतः मार्क देणं कठीण. टोनचंच नाही, पूर्णतेचंही तेच. रेट १८ वरून २० होतोय हे तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे मेलमध्ये ते नाही हे तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. महत्त्वाचा मेल असेल तर त्या विषयातलं काहीही माहीत नसलेल्या शेजारच्या टीममधल्या मित्राला दाखवा आणि ‘कसा वाटला’ विचारू नका. ‘यात कोणी, काय, कधीपर्यंत करायचंय?’ एवढंच विचारा. तो अडखळला तर मेल अजून तयार नाही.

रिपोर्टमध्ये गोष्ट पुरली जाते तेव्हा

मेल सात-आठ ओळींचा असतो, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन लांबलचक. तिथे कमी मार्काची जागा शोधणं जास्त अवघड आणि किंमत कधीकधी फार मोठी.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान झेपावलं. त्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या इंजिनिअर्सनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि नासासमोर प्रेझेंटेशन दिलं. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं, सातही जण गेले.

अपघाताची चौकशी करणाऱ्या बोर्डाने आपल्या अहवालात त्या प्रेझेंटेशनमधल्या एका स्लाइडची चिरफाड छापली. ती केली होती माहिती मांडण्याच्या शास्त्रातले जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी. स्लाइडचं शीर्षक वाचून वाटावं, की चाचण्यांचे आकडे सुरक्षिततेकडेच झुकतायत, काळजी नको. खरी बातमी होती स्लाइडच्या तळाशी, छोट्या अक्षरात. चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि इथे अंदाज १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! थोडक्यात, चाचण्यांवरून या धडकेबद्दल काही सांगताच येत नव्हतं. त्याच स्लाइडवर ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा आला होता आणि दर वेळी अर्थ वेगळा.

आपल्या चार रकान्यांत ही स्लाइड बसवून बघा. पूर्णता वाईट नाही. ३ आणि १,९२० हे दोन्ही आकडे स्लाइडवर होते. टोन शांत, प्रोफेशनल. स्पष्टता कोलमडली, कारण शीर्षक एक सांगतं आणि शेवटची ओळ दुसरंच. आणि कृती? ‘आम्हाला माहीत नाही, आधी पंखाचे फोटो मिळवा’ असं त्या स्लाइडवर कुठेच नव्हतं. काही इंजिनिअर्स तेव्हा फोटोंसाठी धडपडत होते, पण ती मागणी पुढे सरकलीच नाही. एका स्लाइडमुळे यान पडलं असं कुणी म्हणणार नाही, बोर्डानेही अनेक कारणं नोंदवली. पण निर्णय घेणाऱ्यांच्या हाती जो कागद होता, त्यात माहिती असूनही इशारा नव्हता.

म्हणून रिपोर्ट रेट करताना एक जास्तीची टेस्ट. फक्त शीर्षक आणि पहिला पॅरा वाचा, बाजूला ठेवा आणि एका वाक्यात सांगा, की हा रिपोर्ट काय म्हणतोय. मग शेवटपर्यंत वाचा. तुमचं वाक्य बदलावं लागलं, तर स्पष्टता २ च्या वर जाऊ शकत नाही, आतली इंग्रजी कितीही चकाचक असो.

हे मार्क काय सांगत नाहीत

एक गोष्ट लक्षात ठेवा. या चार रकान्यांना खरं-खोटं कळत नाही. कॅबच्या मेलमध्ये दर २० ऐवजी चुकून २२ लिहिला असता, तरी १६ पैकी १६ मिळाले असते. आकडे तपासणं हे वेगळं काम आणि ते आधी करायचं.

आणि काही मेल मुळात मेल असूच नयेत. कुणाचं प्रमोशन हुकल्याची बातमी, दोन सहकाऱ्यांचं भांडण, क्लायंटची माफी. तिथे टोन कितीही घासला तरी तो ५६ टक्क्यांचाच खेळ. फोन उचला.

चौकट : आता तुमची पाळी

हा मेल वाचा आणि खालचं उत्तर झाकून चार मार्क द्या. लिहिणारा टीम लीड, वाचणारा एकच डेव्हलपर.

> हाय, तो कालचा इश्यू अजून तसाच आहे. क्लायंट विचारतोय. ऑलरेडी तीनदा सांगितलंय. प्लीज आजच्या आज बघणे.

*कृती २.* कोणी (तो एकटाच) आणि कधी (आज) आहे, पण ‘बघणे’ म्हणजे दुरुस्त करणं, कारण शोधणं की क्लायंटला फोन करणं?

*पूर्णता १.* कुठला इश्यू, क्लायंट नेमकं काय विचारतोय आणि त्याला कितीपर्यंत उत्तर द्यायचंय? तीन प्रश्न झाले.

*स्पष्टता २.* ‘तो कालचा’ ही एक खूण. ‘तीनदा सांगितलंय’ ही दुसरी. कोणी कोणाला, क्लायंटने तुम्हाला की तुम्ही याला?

*टोन २.* ‘ऑलरेडी तीनदा’ हा टोमणा आणि ‘बघणे’ हा नोटीस बोर्डवरचा हुकूम. मागे ‘प्लीज’ लावून तो गोड होत नाही.

गोल कशावर? पूर्णतेच्या १ वर. म्हणजे दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची. इश्यूचा नंबर, क्लायंटचा प्रश्न आणि उत्तराची वेळ लिहा. ती लिहिताना ‘तो कालचा’ आपोआप जाईल, आणि बहुतेक वेळा टोमणाही.